शक्यतो

कॉम्प्रेसर बंद केला की आमच्या कारखान्यात एक विचित्र शांतता पसरते. एरवी त्याच्या धडधडीवर आवाज चढवून बोलायची सगळ्यांना इतकी सवय असते की तो थांबल्यावर पहिली दोन मिनिटं माणसं विनाकारण ओरडून बोलतात. त्या दिवशी दुपारी दोन शिफ्टच्या मधल्या वेळेत मी कॉम्प्रेसर बंद करायला सांगितला, तेव्हाच निम्म्या लोकांना कळलं असणार की काहीतरी बरं नाही. चांगली बातमी सांगायला आमच्याकडे कॉम्प्रेसर कधी थांबवलेला नाही.

अडतीस माणसं, नऊ लेथ आणि धातूच्या बारातून नळीसारखे बुश आणि पिना कापायचं काम. मला बोलायचं होतं बारा मिनिटं, गेल्या तीन महिन्यांत पैशांचा खड्डा का पडला आणि पुढे काय करायचं, याबद्दल. आठवडाभर मी त्याची तयारी करत होतो आणि पहिला मसुदा अगदी टाकाऊ होता. सुरुवातीला बाजाराची परिस्थिती, मग ग्राहकांची अडचण, मग आपली वाटचाल आणि सातव्या मिनिटाला कुठेतरी पगाराचा उल्लेख. आमचे हिशेब बघणारे गृहस्थ माझ्यापेक्षा वयाने मोठे आहेत. त्यांनी तो वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, "पहिली सहा मिनिटं कोणी ऐकणारच नाही. माझी नोकरी राहते का आणि पगार होतो का, एवढं कळेपर्यंत माणसाचे कान बंद असतात." मी क्रम उलटा केला. पगार आणि नोकरी पहिल्या मिनिटात, कारणं नंतर.

आदल्या संध्याकाळी दोन्ही सुपरवायझरना आणि मामांना सगळं सांगून ठेवलं. मामा म्हणजे आमचे सगळ्यांत जुने सेटर, मशीनवर नवा जॉब बसवून देणारे, त्यांना कोणीच नावाने हाक मारत नाही. सुपरवायझरना ती गोष्ट बाकीच्यांबरोबरच कळली, तर दुसऱ्या मिनिटाला प्रश्न त्यांच्यावर येतात आणि ते "मलाही आत्ताच कळतंय" असं म्हणतात. मग मालकाच्या बोलण्याला काही अर्थ उरत नाही. मामांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "पण मशीन तर थांबलंच नाही. लोक हेच विचारतील."

हा प्रश्न अगदी खरा होता. त्या तीन महिन्यांत एकही मशीन एक दिवसही रिकामं नव्हतं. ओव्हरटाइम चालू होता. संध्याकाळी ट्रे भरून मागच्या शेडमध्ये जात होते. काम करणाऱ्याच्या डोळ्यांना जे दिसतं त्यावरून ही तिमाही उत्तम गेली होती. आणि गंमत म्हणजे हिशेबाच्या वहीतही ती फार वाईट दिसत नव्हती, थोडासा नफाच दिसत होता. फक्त बँकेच्या खात्यात पैसे नव्हते.

हे अडतीस माणसांना कसं सांगायचं? पडद्यावर आलेख दाखवायचा विचार मी लगेच सोडून दिला. आलेख बघताना लोक माना डोलावतात, आणि त्या माना समजल्याच्या नसतात. शेवटी स्टोअरमधून वीस रिकाम्या बिना मागवल्या, म्हणजे सुटा माल ठेवायचे निळे डबे, रोजच्या वापरातले, आणि तीन नंबरच्या मशीनसमोर ओळीने मांडल्या. मी म्हणालो, नेहमीच्या तीन महिन्यांत आपण जेवढा माल विकतो तो या वीस बिनांएवढा समजा. यातल्या अकरा कच्च्या मालाच्या, म्हणजे बार पुरवणाऱ्याच्या. चार तुमच्या पगाराच्या. चार वीज, इन्सर्ट, कूलंट, भाडं, दुरुस्ती यांच्या. राहिली एक. त्या एकीतून बँकेचं व्याज आणि हप्ता जातो, मग काही शिल्लक राहिलं तर ते माझं.

ती एकटी बिन बघून मागच्या रांगेतला कोणीतरी हसला. मला वाटलं, विश्वास बसला नसेल. नंतर कळलं, त्याला वाटलं होतं की माझ्या वाट्याला निदान सात-आठ बिना तरी येत असतील.

मग या तिमाहीचं सांगितलं. आपण माल बनवला पूर्ण वीस बिनांचा. विकला गेला सोळा बिनांचा. चार बिना मागच्या शेडमध्ये आहेत, तुम्हीच नेऊन ठेवल्यात. विकलेल्या सोळापैकी पैसे आले चौदांचे, दोन अजून यायचे आहेत. पण खर्च? वीस बिनांचा माल बनवला, म्हणजे अकरा बिना बारला गेल्याच. चार पगाराला गेल्या, चार इतर खर्चाला. एकूण एकोणीस. आत आल्या चौदा, बाहेर गेल्या एकोणीस. खड्डा पाचांचा.

मी पाच रिकाम्या बिना उचलून बाजूला ठेवल्या आणि त्यांच्या शेजारी पगाराच्या चार. खड्डा तुमच्या तीन महिन्यांच्या पगारापेक्षा एका बिनेने मोठा आहे, एवढंच म्हणालो. तिथे मी थोडा वेळ काहीच बोललो नाही. ठरवून नव्हे, घसा कोरडा पडला होता म्हणून.

वहीतल्या नफ्याबद्दल मी तिथे काही सांगितलं नाही. पण इथे सांगतो, कारण छोटे कारखाने चालवणारे माझ्यासारखे अनेक जण याच ठिकाणी फसतात. न विकलेला माल वहीत खर्च म्हणून येत नाही, त्याच्या बनावटीच्या किमतीला तो शिल्लक मालमत्ता म्हणून बसतो. येणं असलेले पैसेही तसेच. वीस बिनांच्या मालाला खर्च एकोणीस, तर विकलेल्या सोळांना खर्च पंधरा आणि थोडा वर. म्हणजे वही म्हणते, सोळाला विकलं, पंधरा-सव्वापंधरा खर्च, पाऊण बिन सुटली. वही खोटं बोलत नाही. तिच्या दृष्टीने शेडमधल्या चार बिना म्हणजे दौलत आहे. बार पुरवणारा मात्र त्या बिना घेऊन बिल फाडत नाही. बँकही महिनोन्‌महिने पडून राहिलेला माल तारण धरताना हात आखडते.

मग चूक कोणाची झाली, ते. इथे मी मसुद्यात "परिस्थितीमुळे" असा शब्द लिहिला होता. तो खोडला. आमच्या सगळ्यांत मोठ्या ग्राहकाकडून दर महिन्याला तीन महिन्यांचं शेड्यूल येतं. त्यातला पहिला महिना पक्का असतो. पुढचे दोन अंदाजाचे, आम्ही बार वेळेवर मागवावा एवढ्यासाठीच दिलेले. हा फरक मला पंधरा वर्षांपासून माहीत आहे. पण गेलं दीड वर्ष त्यांचा अंदाज कधी चुकला नव्हता, म्हणून मी अंदाजालाच पक्की ऑर्डर धरून बार कापायला लावले. त्यांनी दुसऱ्या महिन्यात आकडा निम्म्यावर आणला, तेव्हा आमचा माल तयार होऊन तेल लावून पॅक झाला होता. बार आणून नुसता ठेवला असता तरी निभावलं असतं, त्या बारातून दुसऱ्याचा जॉब निघाला असता. कापलेल्या बुशाचा परत बार होत नाही.

हे मी लोकांसमोर सांगितलं. कठीण गेलं, पण त्याचा एक व्यावहारिक फायदा झाला. कारण सांगितलं नाही तर लोक स्वतः कारण शोधतात, आणि त्यांना सापडलेलं कारण नेहमी भलतंच असतं. आधीच्या आठवड्यात एक अफवा चालू होती की मी कारखाना विकतोय, कारण दोन अनोळखी माणसं येऊन मशीन बघून गेली. ती विम्याची माणसं होती.

दुसरी एक गोष्ट होती जिला मशीनवरच्या माणसांचा हात लागलेला होता, पण दोष माझ्याच पद्धतीचा होता. आमचा इन्सेंटिव्ह नगावर आहे. ठरलेल्या नगांच्या वर जेवढे काढाल तेवढं जास्त. मग मशीन थांबवायची कल्पना कोणाला का सुचेल? लॉट संपला तरी बार शिल्लक असेल तर माणूस आणखी दोनशे काढूनच थांबतो, आणि मी त्याला त्याचे पैसे देतो. म्हणजे नको असलेला माल बनवण्याबद्दल मी बक्षीस देत होतो. हे मला स्वतःला तयारी करतानाच पहिल्यांदा इतकं स्पष्ट दिसलं.

योजनेचा पहिला भाग त्यामुळे ऐकायला उफराटा होता. तीन, चार आणि सात नंबरची मशीनं पुढचे आठ आठवडे फक्त पक्क्या ऑर्डरीपुरती चालतील. ऑर्डर संपली की बंद. ओव्हरटाइम बंद. त्या मशीनवरच्या लोकांना आठ आठवडे इन्सेंटिव्ह मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीने मिळेल, नग किती काढले हे बघितलं जाणार नाही.

"काम न करता पैसे देणार, आणि वर म्हणता पैसे नाहीत," कोणीतरी म्हणालं. बरोबर प्रश्न होता. मी परत बिनांकडे गेलो. एक बिन माल बनवायचा तर अर्ध्याहून जास्त बिन बारवाल्याला द्यावी लागते. पगार तर मशीन चालो वा न चालो, द्यायचाच आहे. मशीन थांबलं की निदान बारचे पैसे खिशात राहतात. त्या चार बिना बनवल्याच नसत्या, तर खड्डा पाचाच्या ऐवजी तीनाच्या आतच राहिला असता. बाकीचा खड्डा ऑर्डर घटल्याचा आणि पैसे अडकल्याचा, तो टळला नसता. थांबलेलं मशीन वाईट दिसतं, पण नको असलेला माल बनवणारं मशीन त्याहून महाग पडतं. हे पटवायला मला चार मिनिटं लागली. बारा मिनिटांच्या बोलण्यातली चार याच्यावर गेली आणि मला त्याचं वाईट वाटत नाही.

शेडमधल्या चार बिनांचं काय? त्यातला साधारण अडीच बिनांचा माल त्या ग्राहकाने चार महिन्यांत थोडा थोडा उचलायचं कबूल केलं आहे. एका बिनेएवढे बुश दुसऱ्या छोट्या ग्राहकाच्या मापात बसवता येतील, कारण त्याचं भोक आपल्यापेक्षा मोठं आहे. भोक मोठं करता येतं, बाहेरचा व्यास कमी करता येतो, उलटं करता येत नाही, एवढं तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला माहीत होतं. म्हणून हा भाग सांगताना मला काही समजवावं लागलं नाही. उलट मामांनीच तिथे दुरुस्ती केली: भोक वाढवल्यावर भिंत पातळ होईल, चकमध्ये जास्त आवळला तर बुश अंडाकृती होईल, पकडायला नरम जॉ लागतील. राहिलेली अर्धी बिन भंगारात. आणि जो माल पडून राहणार त्याला गंजरोधक तेल परत लावायचं, दर पंधरा दिवसांनी वरचा थर उघडून बघायचा. गंजलेला शिल्लक माल म्हणजे भंगारच.

अडकलेल्या दोन बिनांबद्दल मला सगळा दोष ग्राहकांवर ढकलता आला असता. तो पूर्ण खरा नव्हता. एक बिल सव्वीस दिवस त्यांच्या स्टोअरमध्ये अडकलं होतं, कारण मालाबरोबर पाठवलेल्या चलनावरच्या आकड्यात आणि त्यांच्या मोजणीत चौदा नगांचा फरक होता. आम्ही नग काट्यावर वजन करून मोजतो. शंभर नगांचं वजन घ्यायचं आणि त्यावरून बाकीचे. पण नमुन्याचे शंभर ओले असले, कूलंट निथळलेलं नसलं, तर काटा चुकतो. चौदा बुशांसाठी हजारो बुशांचे पैसे थांबले. आता नमुना पुसून, कोरडा करून तोलायचा आणि प्रत्येक खोक्यावर मोजणाऱ्याची सही. पॅकिंगच्या मुली एकमेकींकडे बघत होत्या. मी म्हणालो, कोरडा करायला कापड आणि वेळ मीच दिला नव्हता. डिस्पॅचची घाई माझीच असते.

योजनेचा तिसरा भाग माझा नव्हताच. लॉट छोटे करायचे तर दर वेळी सेटिंग बदलावं लागतं, आणि आमच्याकडे एका सेटिंगला दोन तास चाळीस मिनिटं जातात. म्हणून तर आम्ही मोठे लॉट काढत होतो. सात नंबरवरचा एक मुलगा फारसा बोलत नाही. तो म्हणाला, "दोन तास चाळीस मिनिटं सेटिंगला नाही लागत. जॉ शोधायला लागतात, गेज शोधायला लागतात, आणि पहिला पीस तपासून यायची वाट बघायला लागते." मामांना राग येईल असं मला वाटलं. ते म्हणाले, "खरंय." तिथल्या तिथे ठरलं, पुढच्या जॉबचे जॉ, टूल आणि गेज एका ट्रॉलीवर आधीच्या शिफ्टमध्येच लावून ठेवायचे, म्हणजे जुना लॉट चालू असतानाच. पहिला पीस तपासणाऱ्याने मशीनपाशी यायचं, पीस त्याच्याकडे न्यायचा नाही. तिसऱ्या आठवड्यात एक सेटिंग पंच्याण्णव मिनिटांत झालं. सगळीच होत नाहीत. बारचा व्यास बदलला की बार पकडणाऱ्या कॉलेटपासून सगळं बदलावं लागतं, तिथे अजूनही दोन तास जातात.

आता मूळ गोष्ट, जिच्यामुळे हा लेख लिहायला बसलो.

पहिल्या मिनिटात मी दोन वाक्यं बोलणार होतो. "कोणाला कमी करायचं ठरवलेलं नाही. पुढचे पगार ठरलेल्या तारखेला होतील." लिहिलेलं तसंच होतं. उभा राहिलो, समोर अडतीस चेहरे, कॉम्प्रेसर बंद, आणि तोंडातून आलं, "पुढचे पगार शक्यतो ठरलेल्या तारखेलाच होतील."

तो शब्द मी ठरवून घातला नाही. सभ्य माणूस मराठीत कुठलंही आश्वासन देताना तो सवयीने घालतो. शक्यतो येतो, शक्यतो बघतो. घालताना आपल्याला वाटतं आपण प्रामाणिकपणे बोलतोय. त्यानंतर मी अकरा मिनिटं बिना मांडत होतो, हिशेब सांगत होतो, आणि समोरच्यांपैकी निम्मे त्या एका शब्दापाशीच थांबले होते. हिशेबवाल्या गृहस्थांचं म्हणणं किती खरं होतं ते मला संध्याकाळी कळलं. मामा गेटपाशी म्हणाले, "साहेब, बाकी चांगलं बोललात. पण ते शक्यतो काय आहे? दोघं जण उद्या दुसरीकडे विचारायला जाणार आहेत."

मी घरी जाऊन परत आकडे मांडले. खरोखर किती पगारांची खात्री देता येईल? हातातली रक्कम, बँकेच्या मर्यादेतून अजून उचलता येईल ती, आणि जी येणी पक्की आहेत तीच. अंदाजाची येणी धरायची नाहीत, ती चूक एकदा करून झाली होती. तीन पगार बसत होते. चौथा बसत नव्हता, तो शेडमधला माल आणि अडकलेलं येणं यांवर अवलंबून होता.

दुसऱ्या दिवशी परत त्याच वेळी कॉम्प्रेसर थांबवला. या वेळी तीन मिनिटं. "काल मी शक्यतो म्हणालो, ते चुकलं. पुढचे तीन पगार तारखेला होतील. त्यांच्या पैशांची सोय पक्की आहे, हिशेबात जाऊन बघू शकता. चौथ्याची खात्री मी आज देत नाही. सहाव्या आठवड्यापर्यंत शेडमधल्या चार बिनांच्या अडीच झाल्या, तर चौथाही तारखेला होईल. नाही झाल्या, तर त्याच आठवड्यात मी इथे येऊन सांगेन. बाहेरून कळायच्या आधी."

आणि मग तो क्रम सांगितला, जो मी आदल्या दिवशी टाळला होता. वाईट वेळ आलीच तर काय कशानंतर होईल. ओव्हरटाइम आधीच गेला. मग माझी उचल बंद, ती या महिन्यापासून. मग दोन शिफ्टची एक. माणसं कमी करणं त्यानंतर, आणि तेही समोर बसून. हे बोलताना मला भीती होती की शेवटचा टप्पा ऐकून लोक हादरतील. कोणी हादरलं नाही. ते तो टप्पा मनात धरूनच उभे होते. फक्त त्याच्या आधी आणखी दोन पायऱ्या आहेत हे त्यांना आता कळलं.

एकाने विचारलं, "तुमची उचल बंद म्हणजे तुमचं घर कसं चालणार?" चेष्टा होती की चौकशी, मला समजलं नाही. मी म्हणालो, बायकोच्या पगारावर. तेवढ्यावर सगळे हसले आणि कोणीतरी कॉम्प्रेसर चालू केला.

विचारायला गेलेल्या दोघांपैकी एक जण गेलाच. त्याला तिकडे बरं मिळालं असेल. त्याचा मला राग नाही, पण त्याने सोडलेल्या मशीनसमोरून जाताना तो शब्द आठवतो.

सहाव्या आठवड्यात शेडमध्ये अडीचला थोडी वर बिना होत्या. पावणेतीन म्हणू. ठरलेल्या आकड्याला आम्ही पोचलो नव्हतो, म्हणून कॉम्प्रेसर थांबवून तेही सांगितलं. एक येणं आलं होतं, त्याने चौथ्या पगाराची सोय झाली होती, पण पाचव्याची नव्हती. हेही तसंच सांगितलं.

त्याच आठवड्यातल्या एका सकाळी चार नंबरवरचा ऑपरेटर ऑफिसच्या दारात येऊन उभा राहिला. हाताला कूलंट, खांद्यावर फडकं. "लॉट संपला. बार आहे अजून अर्धा गठ्ठा. बंद करू का?"

दोन महिन्यांपूर्वी हा मुलगा जेवायची सुट्टी अर्धवट सोडून नग काढायचा. मी म्हणालो, कर.

तो गेला. थोड्या वेळाने बाहेर आलो, तर चार नंबर बंद होतं, त्याने चिप ट्रे ओढून काढला होता आणि खाली बसून मशीनच्या पायातला मागच्या कित्येक महिन्यांचा बुरा खरवडून काढत होता. शेजारी ट्रॉलीवर पुढच्या जॉबचे जॉ पुसून ठेवलेले होते.